लेखिकेच्या तोंडचं उत्तर

मुथांबी मॅम वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डाकालो, तुझी फाइल घे आणि ऑफिसात चल. तुझे बाबा आलेत."

डाकालोनं फाइल छातीशी धरली. फाइलीची भीती तिला गेल्या आठवड्यापासूनच होती. पण बाबांना बोलावतील, असं तिच्या मनात आलं नव्हतं.

प्रकरण तसं कागदाच्या एका पानाचं. बारावीला नेमलेल्या कादंबरीवर मॅमनी काम दिलं होतं : लेखिका सेलिना मोखात्ला यांची काल्पनिक मुलाखत लिहा, पुस्तक कसं घडलं ते त्यांच्या तोंडून येऊ द्या. साधारण दोनशे शब्द. वर प्रसंग थोडक्यात, डावीकडे बोलणाऱ्याचं नाव, पुढे दोन टिंबं, अवतरणचिन्हं नाहीत, हावभाव कंसात. "आणि लेखिकेच्या तोंडी वाटेल ते घालू नका," मॅमनी बजावलं होतं. "तिचं उत्तर पुस्तकातून निघालं पाहिजे. ती कुठे जन्मली, काय जेवते, त्याच्याशी मला घेणं नाही."

बहुतेकांनी लेखिकेला हसत हसत खुर्चीत बसवलं आणि लहानपणापासून लिहिण्याची आवड होती, असं तिच्याकडून वदवून घेतलं. मॅमनी जांभया देत गुण दिले. डाकालोचं पान मात्र त्यांनी दोनदा वाचलं आणि ते तपासणीच्या गठ्ठ्यात गेलं. जिल्ह्यातल्या शाळांच्या फायली तपासायला रामाबुलाना सर आले होते. पुस्तकं पाठ असलेला माणूस, नियमावर बोट ठेवणारा. त्यांनी पान बाजूला काढलं आणि विचारलं, याचा कच्चा खर्डा कुठाय?

प्रत्येक लेखनासोबत आराखडा लावायचा, पहिला खर्डा लावायचा, दुरुस्त्या केलेला लावायचा. पक्की प्रत सगळ्यांत वर. डाकालोच्या फाइलीत पक्की प्रत एकटीच होती. खर्डे तिनं चुलीत घातले होते. घरात बाबा तिच्या वह्या चाळत, कधीही, न सांगता, आणि त्या खर्ड्यांत खोडलेल्या ओळी अजून वाचता येत होत्या.

ऑफिसात शिरल्याबरोबर ती रीतीप्रमाणे गुडघ्यांवर बसली आणि हात जोडून तिनं मोठ्यांना वंदन केलं. बाबांनी रविवारचा कोट घातला होता. आठवड्याच्या मधल्या दिवशी रविवारचा कोट! शाळेला मान द्यावा तर व्हो-रावेले यांनीच, असं गाव तिच्या बाबांबद्दल म्हणायचं. चर्चमध्ये शास्त्रवाचन त्यांचं, मयतीला तंबू ठोकायला पहिला हात त्यांचा, कुणाचा पंप बिघडला की हाकही त्यांनाच. गावात त्यांच्याबद्दल वाकडा शब्द ऐकायला मिळायचा नाही.

"ऊठ गं बाळा," ते गोड आवाजात म्हणाले. "सर, पोरगी माझी हुशार आहे. पण चुकली असेल तर माझी भीड ठेवू नका. आमच्या घरात खोटं चालत नाही."

"चुकली की नाही तेच बघायचंय," रामाबुलाना सर म्हणाले. त्यांनी पान समोर धरलं. सर मोठ्यानं वाचू लागले.

मुलाखतकार : तुमच्या कादंबरीतली आई स्वयंपाक करतानाही पायात बूट घालून का असते?

सेलिना मोखात्ला : (थोडं थांबून) नवरा घरात असेपर्यंत ती बूट काढत नाही. पळायची वेळ आली तर बूट शोधायला सवड नसते. पहिल्या खर्ड्यात मी हे कारण लिहिलं होतं. मग खोडलं. ज्या घरात असं असतं तिथे कुणी कारण सांगत नाही. नुसते बूट दिसतात.

सरांनी पान खाली ठेवलं. डाकालो बाबांकडे बघत नव्हती, पण बाबांच्या बोटांकडे तिचं लक्ष होतं. ती बोटं टोपीच्या कडेवरून सावकाश फिरत होती आणि आता थांबली होती.

"आमच्या वर्गात मुलं म्हणतात, बाई शहरातून आलेली आहे, तोरा मिरवते म्हणून बूट घालते," मुथांबी मॅम म्हणाल्या. "मीसुद्धा दरवर्षी तेच शिकवत आले. हिचं वाचलं आणि पुस्तक परत उघडून बसले. बरोबर लागतंय हो. ज्या ज्या प्रसंगी नवरा बाहेर असतो, तिथे ती अनवाणी आहे."

"म्हणूनच तर!" सर म्हणाले. "इतकं नेमकं उत्तर! पहिल्या खर्ड्यात काय होतं आणि लेखिकेनं ते का खोडलं, हे सतरा वर्षांच्या मुलीला सुचतं? लेखिकाबाईंनी कुठेतरी खरोखरच्या मुलाखतीत सांगितलं असणार आणि हिनं ते उतरवलं असणार. त्यात खर्डा नाही. उतरवलेलं निघालं तर शून्य, आणि प्रकरण वर जाणार. बारावीचा निकाल अडकेल. मग कुठलं विद्यापीठ घेऊन बसलीस?"

विद्यापीठ म्हणजे डाकालोच्या लेखी इमारत नव्हती. ती एक खोली होती, आठ तासांच्या बसप्रवासापलीकडची, जिचं दार आतून लागेल. आणि मग आईलाही तिथे बोलावता येईल. हे तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

"बाळा," बाबा म्हणाले, "उतरवलंयस ना? सांगून टाक. माफी मागू, विषय संपला."

त्यांचा आवाज इतका मऊ होता की मुथांबी मॅमनी कौतुकानं मान हलवली. डाकालोला तो मऊपणा ओळखीचा होता. स्वयंपाकघरात तो ऐकू आला की आई आधी चुलीवरचं भांडं खाली उतरवायची. हो म्हणावं, तिच्या मनात आलं. हो म्हटलं की बाबा खूश होतील, कदाचित आठवडाभर. निकाल जाईल, खोली जाईल, पण आजची संध्याकाळ निभेल. तिचं तोंड उघडलंसुद्धा.

"मी... उतरवलं नाही, सर."

"मग आत्ता लिही," सर म्हणाले आणि त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "इथेच, आमच्यासमोर. माझा प्रश्न घे. ही आई शेवटपर्यंत घर सोडत नाही. लेखिकेनं तिला जाऊ का दिलं नाही? दहा ओळी बास. लिहिणारा असतो तो परतही लिहितो."

डाकालोनं पेन घेतलं. मिळमिळीत काहीतरी लिहिता आलं असतं. गरिबी होती, रूढी होती, समाज होता. पण तसं लिहिलं तर आधीचं पान चोरीचं ठरणार, हे तिला पक्कं कळत होतं. चांगलं लिहिलं तर बाबा वाचणार. तिनं नाव लिहिलं, दोन टिंबं दिली, आणि मग भीती इतकी वाढली की तिचा विचारच करता येईना. ती भराभर लिहीत गेली.

पंधरा मिनिटांत तिनं पेन ठेवलं. सरांनी हात पुढे केला, पण बाबांनी कागद आधीच उचलला होता.

"मी वाचतो," ते हसून म्हणाले. "वाचनाची सवय आहे मला."

आणि त्यांनी त्यांच्या त्या भरदार, रविवारच्या आवाजात सुरुवात केली.

सेलिना मोखात्ला : (खिडकीकडे बघत) मी दोन शेवट लिहून पाहिले. पहिल्यात आई निघून जाते. तो खोटा वाटला, कारण मुलगी घरातच राहिली होती. दुसऱ्यात मुलगी शिकायला जाते आणि आई एकटी उरते. तो लिहिताना मला भीती वाटली. म्हणून मुलगी जायच्या आदल्या दिवशी मी पुस्तक थांबवलं.

मुलाखतकार : कसली भीती?

सेलिना मोखात्ला : तो बाहेर छान बोलतो. चर्चमध्ये वाचतो. बायका तिला म्हणतात, नशीब काढलंस...

बाबांचा आवाज तिथे थांबला. पुढे आणखी एक ओळ होती. ती त्यांनी मनात वाचली, कागदाची नीट घडी केली आणि ती कोटाच्या खिशाकडे नेली.

"कागद इकडे द्या," सर म्हणाले. "तो फाइलीचा आहे."

बाबांनी दिला. सरांनी घडी उलगडली आणि शेवटची ओळ स्वतः मोठ्यानं वाचली : ती ओरडली तर कुणाला खरं वाटेल?

सरांनी कागद पुन्हा वरपासून वाचला. मग चष्मा काढत पुटपुटले, "पुस्तकातला नवरा तर चर्चची पायरीही चढत नाही. खाणीतला माणूस, देवाला शिव्या देणारा. हे पुस्तकातून नाही निघालं."

डाकालोचे डोळे मिटले. पुस्तकाला धरून राहा, मॅमनी हजारदा सांगितलं होतं, आणि घाईत तिनं दुसऱ्याच घरातला माणूस पानावर आणून बसवला होता. तिनं डोळे उघडले तेव्हा सर कागदाकडे बघत नव्हते. रविवारच्या कोटाकडे बघत होते. मुथांबी मॅमही तिकडेच बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं मघाचं कौतुक गेलं होतं.

"लेखन हिचंच आहे," सर म्हणाले. "माझी शंका फिटली."

"देवाची कृपा!" बाबा उठले. टोपी डोक्यावर ठेवत त्यांनी डाकालोच्या खांद्यावर हात ठेवला. बोटं मानेजवळ होती. "चल बाळा, घरी जाऊ. आईलाही सांगू आपण."

डाकालो जागची हलली नाही. सगळं जिंकलं होतं आणि आता गाडीत त्यांच्या शेजारी बसून घरी जायचं होतं.

"थांबा," सर म्हणाले. "आईची सही लागते."

"मी केली की सही."

"दोघांची लागते. आजच, माझ्यासमोर. नियम आहे."

मुथांबी मॅमनी चमकून सरांकडे पाहिलं. असा नियम नव्हता. वीस वर्षं फायली भरणाऱ्या बाईला ते ठाऊक होतं, आणि सरांना तर तिच्याहून जास्त. स्वल्पविरामासाठी शाळाभर तमाशा करणारा हा माणूस सरळ खोटं बोलत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"हो, नियम आहे," मॅम म्हणाल्या.

"मग मी घेऊन येतो तिला," बाबा म्हणाले.

"तुम्ही बसा. मला तुमच्याकडून फॉर्म भरून घ्यायचेत, पुष्कळ आहेत. मॅम, माझी गाडी घेऊन जा. आईंना म्हणावं, लागेल ते सामानही बरोबर घ्या, वेळ लागेल." त्यांनी किल्ली टेबलावरून सरकवली. "आणि जाताजाता मुख्याध्यापकांना आत पाठवा. पोलीस ठाण्यातल्या त्या समाजसेविकेचा नंबर असेल त्यांच्याकडे. कळल्यावर कळवावंच लागतं आम्हाला. हा नियम मात्र खरोखरचा आहे."

मॅम धावतच गेल्या. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. बाबा हळूहळू खुर्चीत बसले. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, फक्त ते आता कुणासाठी ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. सर दाराशेजारच्या कपाटातून फॉर्म शोधू लागले. पाठ वळवली, पण दार अडवून उभे राहिले.

बाबा पुढे झुकले. अगदी हळू, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "हे कुणी शिकवलं तुला? आईनं? कुठून उतरवलंस?"

डाकालोनं मान वर केली. भीती तसूभरही कमी झाली नव्हती. पण ती मोठ्यानं बोलली, सरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"मीच लिहिलंय, बाबा. कुठूनही उतरवलेलं नाही."