दोन टेबलांचं दुकान

मी आयुष्यात खरं बोललो ते दोनदा. एकदा लग्नाआधी, सासऱ्यांनी वय विचारलं तेव्हा. आणि दुसऱ्यांदा हॉस्पिटलात असताना. पहिल्या खऱ्यातून संसार मिळाला. दुसऱ्याची हकिकत ही.

मला ताप भरला होता, हुडहुडी, आणि लघवीला बसलो की डोळ्यांपुढे तारे. या वयात पुरुषांना जी ग्रंथी छळते तिच्यात जंतू घुसले होते. ज्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी एकतीस वर्षं जंतू वाढवायच्या प्लेटा वाचल्या, तिथेच मला आणून टाकलं. म्हणजे मीच मला आणलं, बसनं. सलाइनमधून औषध सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

खोटं कशाला सांगू, मी मजेत होतो. घरी मी आणि नळ, दोघंच. नळ ठिबकतो, मी ऐकतो. मुलगी लांबच्या शहरात, रविवारी फोन करते, "बाबा, जेवलात का?" पासून "काळजी घ्या" पर्यंत अकरा मिनिटं. इथे मात्र सहा खाटा, तीन पाळ्यांच्या तीन सिस्टर, आणि शेजारच्या खाटेवर शिंपीबुवा. मी त्यांना वाघाची गोष्ट सांगितली. लॅबमध्ये एकदा वाघाच्या लघवीचा नमुना आला होता, वाघ स्वतःच बाटली तोंडात धरून रांगेत उभा होता, आणि रांग त्याच्यापुरती फार पटकन सरकली. पलीकडच्या खाटेवरचा टाके घातलेला माणूस हसून कण्हला. सिस्टर म्हणाली, "आजोबा, त्यांचे टाके उसवले तर तुम्हाला घालायला लावीन." बायको गेल्यापासूनच्या चार वर्षांत माझ्यावर इतकं प्रेमानं कुणी ओरडलं नव्हतं.

शिंपीबुवांना हसू येत नव्हतं. मशीनची सुई बोटात मोडून हाडापर्यंत गेली होती. सर्जननं पू काढून टाकला होता, पण हाडातला जंतू मारायला कित्येक आठवडे औषध लागणार होतं. त्यांची बायको घरी एकटी, दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ आंधळी. शेजारीण सकाळी डोकावायची, तेवढंच.

"काल तिनं दुधाच्या पातेल्याऐवजी गॅसवर ताट ठेवलं," ते म्हणाले. "मला जाऊ द्या म्हणतोय, तर डॉक्टरीणबाई म्हणतात रिपोर्ट येऊ दे. गोळी चालली तर उद्या घरी."

पाचव्या दिवशी दोघांचे रिपोर्ट एकदमच आले. डॉक्टरीणबाई आमच्या दोन खाटांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"दोघांनाही एकच वाईट बातमी. जी गोळी द्यायची होती, दोन औषधं एकत्र असलेली, तिला जंतू दाद देत नाहीत. बाकीच्या गोळ्याही चालणार नाहीत. सलाइनच. महिनाभर."

शिंपीबुवांनी पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवला आणि भिंतीकडे पाहत राहिले. मी चेहरा पाडला. मनात मात्र लाडू फुटत होते. महिनाभर! सहा खाटा, तीन सिस्टर!

दुपारी त्यांनी विचारलं, "अहो लॅबवाले, एका गोळीत दोन औषधं कशाला? एक कमी पडतं का?"

मला तेवढंच हवं होतं. "असं समजा, जंतूचं शिवणाचं दुकान आहे. त्याला दुप्पट व्हायचं तर नवा डीएनए शिवावा लागतो, आणि त्यासाठी फोलेट नावाचं जीवनसत्त्व. आपण ते पालेभाजीतून खातो. जंतू बहुधा ते स्वतः बनवतो. दोन टेबलांवर. पहिल्यावर कच्चे तुकडे जोडून अर्धवट फोलेट, दुसऱ्यावर ते पक्कं."

"बेतणं आणि शिवणं."

"अगदी. गोळीतलं एक औषध सल्फा, दिसायला हुबेहूब कच्च्या तुकड्यासारखा. पहिल्या टेबलावरचा कारागीर फसतो आणि अडकून बसतो. दुसरं औषध ट्रायमेथोप्रिम, तो दुसऱ्या टेबलाची खुर्चीच अडवतो."

"मग एकानंच दुकान बंद पडेल की."

"एकट्या सल्फानं? कपाटात आधीचा माल असतो, तो संपेपर्यंत जंतू दोन-चार पिढ्या काढतो. शिवाय फोलेटची गंमत अशी, की डीएनएचा थायमिडिन नावाचा तुकडा शिवला की पक्कं फोलेट पुन्हा अर्धवट होतं. ते परत दुसऱ्या टेबलावर न्यायचं, पक्कं करायचं, पुन्हा वापरायचं."

"म्हणजे खरा मालक दुसऱ्या टेबलावरचा. त्यालाच धरा."

"धरतात. पण ट्रायमेथोप्रिम एकटा असला की अर्धवट मालाचा ढीग साचतो आणि रेटून त्याला खुर्चीवरून ढकलतो. पहिल्या टेबलावर सल्फा असला की ढीगच लागत नाही. उलट दुसरं टेबल ठप्प झालं की पहिल्याकडे येणारा कच्चा मालही आटतो, मग सल्फाचं काम सोपं. दोघं मिळून एक आणि एक दोन नाहीत होत, कितीतरी जास्त होतात. एकेकटे जंतूला नुसते थोपवून धरतात, दोघं मिळून पुष्कळदा मारतात. आणि एखादा जंतू एकाला चकवायला शिकला तरी दुसरा आहेच."

"आणि आपलं दुकान?"

"आपल्याकडे पहिलं टेबलच नाही. दुसरं आहे, पण त्या खुर्चीचा घाट निराळा. ट्रायमेथोप्रिम तिथे नीट बसत नाही."

शिंपीबुवांनी पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. मग म्हणाले, "आमचं दुकान माहितीये कशानं बसलं? टेबलं दोन्ही चालू होती. समोर रेडिमेडचं दुकान निघालं. तुमच्या जंतूला तो शेवटचा तुकडा कुणी तयार आणून दिला, तर दोन्ही टेबलं बंद पडली तरी त्याचं काय बिघडतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो.

प्लेटमधल्या जेलीत थायमिडिन असलं तर जंतू तेच उचलून अंगावर चढवतो. दोन्ही औषधं आपापल्या टेबलावर इमानानं बसलेली, आणि जंतू जेलीवर ठेवलेल्या औषधाच्या चकतीच्या काठापर्यंत खुशाल वाढतो. वाचणारा लिहितो, दाद देत नाही. म्हणून तर जेलीच्या पावडरीचा नवा डबा फोडला की आधी ते तपासायचं असतं. माझ्या ग्रंथीतला जंतू एका जातीचा, त्यांच्या हाडातला निराळ्याच जातीचा. दोघांनी एकाच दिवशी एकाच गोळीला नाही म्हणावं?

"काय झालं? दाताखाली खडा आला?" शिंपीबुवा.

"नाही. उत्तर शोधतोय."

उत्तर सापडलं होतं. मी ते सांगितलं नाही.

तो दिवस आणि दुसरा अर्धा दिवस मी गप्प राहिलो. कुणाला सांगितलं तर मी घरी. रिपोर्ट खोटा ठरला तर महिनाभराची खाट गेली, पाणी ठेवताना "आजोबा" म्हणणारी सिस्टर गेली. आणि खोटं मी कुठे बोलत होतो? प्लेट बोलत होती. जन्मभर थापा मारल्या, एक थाप दुसऱ्या कुणी मारली तर मी कशाला तोंड खुपसू! अशी कारणं मी पुष्कळ जमवली. त्या दिवशी वाघाची गोष्ट पुन्हा सांगायला घेतली, तर मध्येच विसरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिंपीबुवांनी घरी फोन लावला. स्पीकर चालू राहिला होता.

"अहो, दिव्याचं बटण कुठल्या बाजूला हो?" बाईंचा आवाज आला. "शेजारीण गावाला गेलीये."

"उजव्या हाताला. कपाट लागेपर्यंत हात लाव, मग वर."

"कपाट लागलं. वर काहीच नाही."

"त्या कपाटाजवळ नाही गं. दाराजवळचं."

भिंतीवरून हात फिरत असल्याचा आवाज तेवढा येत होता. मग त्या म्हणाल्या, "राहू दे. मला दिवा काय आणि अंधार काय. घरात कुणी आहे असं वाटावं म्हणून लावत होते."

मी सलाइनचा स्टँड ढकलत लॅबमध्ये गेलो.

तिथली प्रमुख माझ्याच हाताखाली शिकलेली. चष्म्याच्या काचा जाड, म्हणून मी तिला भिंग म्हणायचो. ती म्हणाली, "सर, वाघ आणलात की काय?"

"भिंग, पावडरीचा नवा डबा कधी फोडलास?"

"सोमवारी. का?"

"सोमवारपासून या जोडगोळीला किती जंतूंनी दाद दिली?"

ती हसत रजिस्टरकडे वळली. पान उलटता उलटता तिचं हसू गेलं. "सोळापैकी एकानंही नाही."

"थायमिडिनसाठी तपासलंस?"

"तपासणीसाठी ठेवलेला जंतू फ्रिजमध्ये मेला. नवा मागवलाय." मग तिनं मान वर केली. "सर, ही तुमची नेहमीची थाप नाही ना?"

"जुन्या डब्यात चार चमचे पावडर असेल तर तिची जेली ओत. दोन्ही जेली शेजारी ठेव. माझा आणि शिंप्याचा, दोन्ही जंतू पसर. जुन्या जेलीवर दोन औषधांच्या सुट्या चकत्याही लाव, थोड्या अंतरावर."

"सुट्या कशाला?"

"मला बघायच्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं प्लेटा उजेडात धरल्या. नव्या जेलीवर वाढ थेट चकतीला टेकलेली. जुन्या जेलीवर जोडगोळीच्या चकतीभोवती वाढच नाही, स्वच्छ, मोठं वर्तुळ, दोन्ही जंतूंचं. आणि सुट्या चकत्यांपाशी माझी नजर थांबली. सल्फाचं वर्तुळ लहान, कडा धुरकट. ट्रायमेथोप्रिमचं जरा मोठं. पण दोघांच्या मधल्या पट्ट्यात, जिथे एकट्याचं काही चाललं नसतं, तिथे जेली काचेसारखी मोकळी. दोन्ही वर्तुळं एकमेकांकडे झुकून मिळाली होती.

"बघत काय बसलात," भिंग म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "सोळा रिपोर्ट, सर. सोळा माणसं."

"रडू नकोस, फोन कर. आधी पुरुषांच्या वॉर्डात. खाट नंबर चार."

शिंपीबुवा अकरा वाजता गेले. घाईत सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावली होती, शिंपी असून! जाताना म्हणाले, "लॅबवाले, तुम्ही परवाच का नाही बोललात? मी तर तेव्हाच विचारलं होतं."

"खात्री नव्हती," मी म्हणालो. ही थाप. ती त्यांना पटली.

दुपारी डॉक्टरीणबाई माझ्याकडे आल्या. "तुमच्यामुळे बरंच निस्तरलं, आजोबा. आता तुम्हीही घरी. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, सहा आठवडे. पाणी भरपूर. अंगावर पुरळ आलं तर लगेच या. मधूनमधून रक्त तपासू."

"पुरळ आलं तर राहायला मिळेल?"

त्या हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. "न्यायला कोण येतंय?"

"खाली गाडी उभी आहे," मी म्हणालो. "ड्रायव्हर, पुतण्या, दोन सुना. घरात इतकी माणसं की बाथरूमला नंबर लावावा लागतो."

"मजा आहे तुमची," असं म्हणत त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. सिस्टर माझी चादर काढत होती. नवा पेशंट बाहेर खुर्चीवर थांबला होता.

बस वीस मिनिटांनी आली. घरी दार उघडलं, बूट काढले, पिशवी टेबलावर ठेवली. नळ होताच. संध्याकाळी सहाला पहिली गोळी घेतली. गोळी मोठी असते, घशात जरा अडते. एक पेला पाणी प्यायलो, मग दुसरा, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. पेला विसळून पालथा घातला. दुसरी गोळी सकाळी सहाला होती, आणि तोवर मला काहीच काम नव्हतं.