पडताळ्यावरची फुली

माहेनूरने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवली आणि बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, हे चुकलं काय?"

मी पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. प्रश्न सहा मार्कांचा. दोन ओळींचं साधं मॅट्रिक्स, वर एक आणि एक, खाली चार आणि एक. त्याच्या आयगेन व्हॅल्यू आणि आयगेन व्हेक्टर काढायचे. म्हणजे असे व्हेक्टर शोधायचे, की मॅट्रिक्सने त्यांना गुणलं तरी ते आपल्या रेषेवरच राहतात, फक्त काही पट होतात. ते कितीपट, ती आयगेन व्हॅल्यू. माहेनूरने उत्तर काढलं होतं तीन आणि उणे एक. अगदी बरोबर. शेवटी चौकट आखून पडताळाही केला होता. एक-दोन हा व्हेक्टर घेतला, मॅट्रिक्सने गुणला, तीन-सहा आला. बरोबर तीनपट. त्या चौकटीवर आडवी फुली होती आणि समासात शून्य.

"कोण गाढव बसवतात तपासायला," मी म्हणाले. स्टाफरूममध्ये आणखी दोघं होते, त्यांनी माना वर केल्या. माझ्या तोंडाची सगळ्यांना सवय आहे. "डोळे आहेत की बटणं?"

माहेनूरला चोवीस मार्क होते. पासला अठ्ठावीस लागतात. हे सहा मिळाले असते तर ती तिसऱ्या वर्षाला गेली असती. आता नाही. एक विषय जास्त राहिला, म्हणून वर्ष गेलं. तिचे अब्बा, अब्दुल रहीम, अकोल्यात गाद्या शिवतात. पोरगी अमरावतीला होस्टेलवर राहून इंजिनीअर होणार म्हणून त्यांनी सगळ्या नातेवाइकांशी वाद घातला होता. आता वर्ष गेलं म्हणजे होस्टेलची जागाही गेली.

मी आणखी दोन शिव्या घालणार होते, तेवढ्यात ती फुली मला नीट दिसली. एक रेघ लांब, दुसरी तिला छेदून शेवटी वर वळलेली. फुलीला अशी शेपटी फक्त मीच काढते. घाईत तपासताना ती आपोआप येते.

मी झेरॉक्स उलटी ठेवली आणि माहेनूरला म्हणाले, "उद्या अकोल्याला जाऊ. केशवराव सरांकडे."

असं का झालं, ते रात्री आठवून आठवून अंगाची लाही लाही झाली. तपासणी केंद्र अकोल्यालाच होतं. आपल्या कॉलेजचे पेपर आपल्याला ओळखू येऊ नयेत म्हणून बारकोड लावतात. मग कोणाचे आले हे कोणालाच कळत नाही. प्रत्येक टेबलावर नमुना उत्तरांचा गठ्ठा असतो, त्याला सगळे 'की' म्हणतात. त्या कीमध्ये या प्रश्नाचं उत्तर होतं एक आणि उणे तीन. दिवसाला साठ पेपर संपवायचे. मी शेवटचा आकडा पाहायचा, कीशी जुळला तर बरोबर, नाही तर फुली, असा सपाटा लावला होता. बावीस वर्षं हे गणित शिकवणारी बाई, समोर बरोबर उत्तर पाहून त्याला शून्य देत गेली, कारण कागदावर दुसराच आकडा छापला होता. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. पण राग वाटून घेता येतो. ती 'की' काढणारे पेपरचे अध्यक्ष केशवराव सर होते, तेव्हा मी बराचसा त्यांच्या वाट्याला टाकला आणि सकाळची एसटी पकडली.

वाटेत मूर्तिजापूर गेल्यावर माहेनूर माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "त्या सराले मी लय शिव्या देल्या, मॅडम. ज्यानं झिरो देला."

"दे," मी म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहिलं.

केशवराव सर अकोल्याच्या एका कॉलेजात विभागप्रमुख आहेत. आमच्यापैकी निम्मे त्यांच्या हाताखाली शिकलेत, मीसुद्धा. केबिनमध्ये गेल्या गेल्या मी झेरॉक्स त्यांच्यापुढे आपटली.

"सर, की चुकली आहे."

"बस आधी," ते म्हणाले. "पोरीले पाणी दे." चष्मा लावून त्यांनी पान पाहिलं, मग माहेनूरकडे पाहिलं. "तू आधी मॅट्रिक्स रिड्यूस काऊन नाई केलं? पहिल्या ओळीची चारपट दुसरीतून वजा केली, की खाली शून्य अन् उणे तीन. मंग कर्णावर एक अन् उणे तीन. झालं उत्तर. दोन ओळीचं काम."

"सर, तसं नाई चालत," माहेनूर म्हणाली.

"डिटरमिनंट बदललं काय? दोन्हीकडं उणे तीनच येते."

"डिटरमिनंट नाई बदलत. पण कर्णाची बेरीज पाहा. मूळ मॅट्रिक्समंदी दोन हाय. रिड्यूस केल्यावर उणे दोन. आयगेन व्हॅल्यूची बेरीज तेवढीच यावी लागते."

मी बोलायला तोंड उघडलं, सरांनी हात वर केला. "तिले बोलू दे. समीकरणं सोडवताना आपण हेच रो ऑपरेशन करतो. तवा उत्तर बदलत नाई. इथं काऊन बदलते?"

माहेनूरने टेबलावरचा कागद ओढला. "समीकरणात सर, आपण दोन्ही बाजूले सारखं करतो. उजवीकडचे आकडे पण बदलतात, म्हणून उत्तर तेच राहते. इथं उजव्या बाजूले आकडे नाई, आयगेन व्हॅल्यूचा लॅम्डा गुणिले तोच व्हेक्टर हाय. डावीकडं ओळ वजा केली अन् उजवीकडं त्या व्हेक्टरले हातच नाई लावला, त मंग समीकरणच दुसरं झालं. हे नवीन मॅट्रिक्स हाय. त्याच्या आयगेन व्हॅल्यू त्याच्या, याच्या याच्या."

"अन् व्हेक्टर काढताना तू सोताच रो ऑपरेशन केलं की."

"केलं. पण लॅम्डा वजा केल्यावर केलं. तवा उजवीकडं शून्य असते. शून्याले काहीबी करा, शून्यच राहते."

तिने कीमधला व्हेक्टर लिहिला, एक-शून्य. मूळ मॅट्रिक्सने गुणला. एक-चार आला. "हा एकपट झाला काय, सर? हा त दुसरीकडंच गेला."

केशवराव सरांनी तो कागद उचलून पाहिला. त्यांना कळलं होतं, पहिल्या मिनिटालाच कळलं असावं. चूक तर हीच असते दर वर्षी. लॅम्डा वजा केल्यावर करायचं काम पोरं आधीच करून मोकळी होतात, आणि इथं सरांनी घाईत तेच केलं होतं. त्यांचे कान लाल झाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"बाई, तू जरा बाहेर बस," ते माहेनूरला म्हणाले.

दार लागलं तसा त्यांचा आवाज बदलला. "हे पाय माधवी. रिव्हॅल्युएशनचा अर्ज तिनं भरलाच असंल. मी पाह्यतो कोणाकडं जाते ते. तिले सहा भेटतील. तिसऱ्या वर्षाले जाईल. बस."

"आणि बाकीचे?"

"कोण बाकीचे?"

"ज्यांनी बरोबर लिहून शून्य खाल्लं आणि झेरॉक्स मागितलीच नाही ते. चूक असेल म्हणून गप्प बसलेले."

"की चुकली असं लिहून देलं, त सगळे पेपर पुन्हा काढा लागतील. ज्यायनं रिड्यूस करून मार्क घेतले, त्यायचं काय करता? बोंबाबोंब होईल." त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं, पान उलटलं आणि माझ्यापुढे सरकवलं. "अन् या पोरीच्या पेपरचा गठ्ठा कोणाच्या टेबलावर होता, तेबी वाच. परीक्षकाचं नाव येते अहवालात. तीन वर्ष बंदी अन् कॉलेजले पत्र. मी तुले वाचवूनच राहिलो ना."

माझी सही होती. मला माहीतच होतं, तरी मी ती दोनदा वाचली. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला ते पटलं. पोरीचं काम होतंय. सरांची अब्रू राहते, माझीही राहते. मी "बघते" असं काहीतरी पुटपुटले आणि बाहेर आले.

माहेनूर बाकावर बसली होती. "काय म्हणले सर?"

"तुझं होईल. सहा मार्क मिळतील."

तिने डोळे मिटले, ओठ हलले. शुक्र मानत असावी. मग डोळे उघडून म्हणाली, "पण झिरो कोणी देला होता, ते समजलं काय?"

एवढं कोणी नसतं विचारलं. मिळाले ना मार्क, म्हणून उठलं असतं. मी खोटं बोलू शकले असते.

"मी," मी म्हणाले.

आधी तिला ते कळलंच नाही. मग चेहऱ्यावर सगळं एकदम आलं. ती उठून उभी राहिली.

"तुमी त आमाले शिकवलं होतं," ती म्हणाली. आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "उत्तर आलं की वापस टाकून पाहा, किती घाई असली तरी पाहा. म्हणून मी पेपरात चौकट केली. टाइम नव्हता तरी केली. तुमी त्याच चौकटीवर फुली मारली. तुमी काऊन नाई पाहिलं?"

साठ पेपर होते, उकडत होतं, कीवर दुसरा आकडा होता. यातलं एकही तिला सांगण्यासारखं नव्हतं. काल मी ज्याला गाढव म्हणाले होते, ती मीच तिच्यापुढे उभी होते आणि तिने मला साधी शिवीही दिली नाही.

मी केबिनमध्ये परत गेले. सरांच्याच टेबलावरचा कोरा कागद घेतला आणि उभ्याउभ्या लिहिलं. प्रश्नाची की चुकीची आहे. रो ऑपरेशन आधी केल्याने आयगेन व्हॅल्यू बदलतात, खाली पडताळा जोडला आहे. या प्रश्नाची सर्व उत्तरं पुन्हा तपासावीत. सोबतच्या उत्तरपत्रिकेत बरोबर उत्तराला शून्य देणारी परीक्षक मी आहे. असे आणखी किती शून्य मी दिले, ते मला माहीत नाही.

"येडी झाली काय तू," केशवराव सर म्हणाले.

"की काढणाऱ्याचं नाव मी लिहिलेलं नाही. ती जागा रिकामी ठेवली आहे. तुम्ही लिहा. नाही लिहिलं तर मी लिहीन."

सरांनी कागद ओढला. पेन उघडलं, पण सही केली नाही. आधी समासात मॅट्रिक्स मांडलं, एक-दोन घेतला, गुणला. तीन, सहा. मग एक आणि उणे दोन घेतला. उणे एक, दोन. दोन्ही पडताळे होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. नंतर रिकाम्या जागी आपलं नाव लिहिलं आणि कागद माझ्याकडे न पाहता सरकवला.

बाहेर मी तो माहेनूरपुढे धरला. "तुझा बैठक क्रमांक टाकलाय. चल, विद्यापीठाच्या आवक विभागात देऊ."

"थांबा," ती म्हणाली. तिने कागद माझ्या हातातून घेतला, पिशवीतून हॉलतिकीट काढलं आणि एकेक आकडा बोटाने लावून पाहू लागली. मग पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं. मॅट्रिक्सपाशी थांबून तोंडातल्या तोंडात गुणाकार केला. मी तोवर उभी होते.

"बरोबर हाय," ती म्हणाली. कागद तिने मला परत दिला नाही. स्वतःच घेऊन पुढे निघाली.