सासूबाईंचे रक्ताचे रिपोर्ट

माझ्या सासूबाई, कमळाबाई, मरणाची तयारी करत होत्या आणि मला त्यांचा संताप येत होता. कारण काय, तर पोट साफ होत नाही. तक्रार वर्षानुवर्षांची, इसबगोल आणि एरंडेलावर निभत होतं. पण हल्ली तीन-चार दिवस काही होईना, वर मळमळ आणि सारखी तहान. त्यांच्या भावाचं, महिपतमामांचं दुखणं असंच सुरू झालं होतं आणि ते आतड्याच्या कॅन्सरने गेले. मग काय, बाईंनी आपला निकाल स्वतःच लावून टाकला. कपाटातून साड्या बाहेर काढल्या.

"ही निळी मंदाला दे," म्हणाल्या. मंदा म्हणजे माझी नणंद.

"आधी डॉक्टरकडे चला आई, साड्यांचं मग बघू." मी हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात हिशेब बघते. पुराव्याशिवाय मला काही पटत नाही.

जवळच्या पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या डॉक्टर स्वातींनी पोट तपासलं आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. सासूबाई भडकल्या.

"दुखणं पोटात अन् सुई हाताला?"

"आजी, आतडं आपल्या मर्जीनं चालत नाही," डॉक्टर हसल्या. "थायरॉइड मंदावलं की तेही मंदावतं. साखर वर्षानुवर्षं वाढलेली असली की त्याच्या नसा काम करेनाशा होतात. पोटॅशियम उतरलं किंवा कॅल्शियम चढलं, तरी ते सुस्तावतं. आणि हिमोग्लोबिन कमी आलं तर आतून कुठे रक्त जातंय का, ते शोधायला लागतं."

सासूबाईंनी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. घरी येऊन आणखी दोन साड्या बाहेर काढल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही रिपोर्ट घेऊन गेलो. डॉक्टर वाचत होत्या आणि सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. भांडायला कधी मागे न हटणारी ही बाई इतकी घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती. मलाही भीती वाटली, खोटं कशाला बोलू!

"हिमोग्लोबिन साडेबारा. छान आहे."

मी श्वास सोडला. सोसायटीतल्या बायका पैज लावून सांगत होत्या ते थायरॉइडही नॉर्मल निघालं. साखर ठीक, पोटॅशियम ठीक. मग डॉक्टरांचं बोट थांबलं.

"कॅल्शियम बारा पॉइंट सहा. साडेदहाच्या आत हवं. क्रिएटिनिनही जरा वर आहे, म्हणजे किडनीवर ताण पडतोय. तहान, मळमळ, पोट साफ न होणं, सगळं यातून होऊ शकतं. आजी, औषधं काय काय घेता?"

"काय बी न्हाई."

"कुणाचं उरलेलं वगैरे?"

"औषध न्हाई. त्या दुधातल्या पुड्या घेते की."

माझ्या लक्षात आलं. गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याने, रवीने, घरातल्या चौघांसाठी व्हिटॅमिन डीच्या पुड्यांचा मोठा डबा आणला होता. आठवड्याला एक, दर रविवारी. रवी, मी आणि आमची अनुष्का दोन रविवारांनंतर विसरलो.

"तुमी कुणी घेईना. तारीख संपत आलेली. फेकून द्यायच्या? रोज एक करून संपवत होते," सासूबाई म्हणाल्या. वाया न घालवल्याचं समाधान होतं चेहऱ्यावर.

डॉक्टरांनी आणखी दोन तपासण्या करायला लावल्या. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींनी कॅल्शियम चढवलं असतं, तर त्यांचा हार्मोन वर दिसला असता. तो अगदी दबलेला निघाला आणि व्हिटॅमिन डी भलतंच वर. त्यानेच कॅल्शियम चढवलं होतं. पुड्या बंद झाल्या. दोन दिवस दवाखान्यात सलाइन लागलं.

"मग कॅन्सर न्हाई?"

"ते हे रिपोर्ट सांगू शकत नाहीत. या वयात एकदा दुर्बिणीने आतडं बघायचंच. पण तुमच्या त्रासाचं कारण मात्र सापडलंय."

काही आठवड्यांत कॅल्शियम उतरलं आणि एरंडेलाची बाटली कपाटात मागे गेली. मग दुर्बिणीची तपासणी झाली. आतडं स्वच्छ निघालं.

त्या रात्री सासूबाई नेहमीसारख्या सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसल्या. अनुष्काने ताटात टाकलेला भात, रवीची अर्धी भाकरी, सगळं त्यांनी आपल्यापुढे ओढलं.

"वाया कशाला घालवायचं?"

मला भडभडून आलं. आमच्या घरात उरलेलं कुठे जातं, हे मी आजवर विचारलंच नव्हतं. मी ते सगळं उचललं, भात अनुष्कापुढे आणि भाकरी रवीपुढे ठेवली.

"ज्याचं त्यानं संपवायचं," मी ओरडले. मग सासूबाईंच्या ताटात तव्यावरची गरम भाकरी वाढली.

पहिला घास मोडत त्या म्हणाल्या, "अन् ती निळी साडी? मंदाला दिली न्हाईस ना? परवा नेसायची हाय मला."