चार नंबरचं कॅबिनेट

भंगाळे साहेबांनी कुलूप आणलं ते सोमवारी. पितळेचं, बैलगाडीच्या चाकाला शोभेल एवढं. केळीची रोपं बरण्यांत वाढतात त्या वाढखोलीला ते लागलं आणि किल्ली साहेबांच्या खिशात गेली.

"आता बघा कोकिळाबाई, बरण्या कशा खराब होतात ते," साहेब म्हणाले. "बाया आत शिरतात, गप्पा हाणतात, दरवाजा उघडा टाकतात. काम कुणाला आवडतं? आवडलं असतं तर पगार कशाला द्यावा लागला असता?"

कोकिळाने मान डोलावली. बायांचं काम तिच्या देखरेखीखाली चालायचं. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र, जळगाव. वर्षभराची मुलगी घरी, आणि ही नोकरी जिल्ह्यात दुसरीकडे कुठे नव्हती.

हमरस्त्याला लागून असलेल्या त्या प्रयोगशाळेत बावीस बाया काम करायच्या. काचेच्या कॅबिनेटसमोर पाळीपाळीने बसायचं, आतून सतत गाळलेली हवा अंगावर यायची, ज्योतीवर सुरी तापवायची, केळीचा कोंब कापायचा आणि जेलीच्या नव्या बरणीत लावायचा. एका कोंबाचे चार, चाराचे सोळा. बरणीच्या झाकणावर दोन आकडे, कॅबिनेटचा आणि बाईचा. हवेत किंवा हातात जरा काही चुकलं की आठवडाभरात जेलीवर बुरशीचा कापूस येतो, नाहीतर कोंबाच्या बुडाशी दुधासारखं पांढुरकं धुकं. त्या धुक्यातला कोंब पुढे कापला तर रोग सुरीबरोबर सगळीकडे जातो.

कुलूप लागायच्या आधी कोकिळाची एक पद्धत होती. सकाळी आल्या आल्या बायांनी वाढखोलीत जायचं, आपापल्या खराब बरण्या स्वतः काढून पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवायच्या आणि काय झालं ते सांगायचं. "माझी सुरी नीट तापली नव्हती बाई." "मला खोकला होता, मी तोंड फिरवलं नाही." वच्छलाबाई, पन्नाशीची, पाचोऱ्याकडची, तर आपल्या बरणीला शिव्या घालत आणायची. कुणी हसायचं, कुणी उपाय सांगायचं. खराब बरण्या कमी होत आल्या होत्या. साहेबांच्या लेखी ते "लाडावून ठेवणं" होतं.

आता वाढखोलीतून बरण्या साहेब स्वतः काढून द्यायचे आणि वरूनच पाहून तपासायचे. ज्या बाईच्या आठवड्यात पाचाहून जास्त खराब, तिला तीन दिवस घरी बसवायचं. लघवीला जागेवरून उठायचं तरी साहेबांची चिठ्ठी. दुसऱ्याच दिवशी वच्छलाबाई चार नंबरच्या कॅबिनेटची तक्रार घेऊन साहेबांकडे गेली होती. "सायेब, चार नंबरना डावा कोपराले वाराच नही शे."

"कामचोराला वाराही कमीच पडतो," साहेब म्हणाले होते, आणि टायपिस्ट नथ्थू फिदीफिदी हसला होता. कोकिळा तिथेच उभी होती. मग पाहू, असं तिने मनात म्हटलं, आणि पाहिलं नाही.

तीन आठवड्यांत साहेबांच्या नोंदींचा तक्ता स्वच्छ झाला. खराब बरण्या शून्य. साहेबांनी तक्ता फ्रेम करून भिंतीवर लावला. कोकिळालाही क्षणभर वाटलं, खरंच का?

घरी तिची वेगळी चिंता होती. मुलगी वाळत चालली होती. शेजारची यशोदाबाई दिवसभर तिला सांभाळायची. ती दूध पाजते की कंटाळा करते, असा संशय कोकिळाला आला, म्हणून संध्याकाळपर्यंत दूध जिथवर उतरायला हवं तिथे ती बाटलीवर निळ्या शाईची रेघ ओढून जायची. संध्याकाळी दूध बरोबर त्या रेघेपर्यंत उतरलेलं असे. रोज. एका चमच्याचा फरक नाही. यशोदाबाईबद्दल कोकिळा निर्धास्त झाली होती.

एका बुधवारी दुपारी वीज गेली आणि लॅब लवकर सुटली. घरी मागच्या दाराने आत येताना तिने पाहिलं, यशोदाबाई उकिरड्याजवळ बसून बाटलीतलं दूध हळूच ओतत होती. रेघेशी डोळा लावून, थेंब थेंब.

"हे काय करतेस?" कोकिळा ओरडलीच.

यशोदाबाईने बाटली खाली ठेवली. "मी काय करू ताई? पोर पेत नही. तोंड फिरावस. तुमी रेघ मारी जातस. दूध उरनं तर म्हनशात बाईनी पाजं नही. मंग मी सांडी देस."

"मला सांगायचं नाही?"

"कशी सांगू? तुमनी रेघच बोलस ना, तुमना इस्वास नही."

कोकिळा उकिरड्याकडे पाहत राहिली. पांढरं दूध मातीत जिरत होतं. तिला स्वतःचा राग आला, मग भंगाळ्यांचा, मग पुन्हा स्वतःचा, आणि या तिसऱ्या रागात तिला तो फ्रेम केलेला तक्ता आठवला. शून्य. रोज. एका बरणीचा फरक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरळ साहेबांच्या टेबलाशी गेली. "किल्ली द्या. बायांना आत जाऊ द्या. एक दिवस."

"कशाला? तक्ता दिसत नाही का?"

"दिसतो. म्हणूनच म्हणते."

साहेबांनी चहा बशीत ओतला. "कोकिळाबाई, तुम्ही आई आहात, म्हणून मऊ आहात. एक दिवस घ्या. पण पावसाळ्यात सावद्याच्या बागायतदारांना रोपं द्यायची आहेत. काही वावगं निघालं तर जबाबदार तुम्ही."

कुलूप उघडलं. बावीस बाया वाढखोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि एकही पाऊल पुढे गेलं नाही. ट्रे रिकामा.

"वच्छलाबाई, तुझ्या बरण्या?"

"चांगल्या शेत."

"मी तीन दिवसांपूर्वी तुझ्या एका बरणीत धुकं पाहिलं. तू बूड कापून कोंब पुढे लावलास ना?"

वच्छलाबाई भडकली. "लावं! मंग? पहिले तुम्ही इचारेत, काय जयं? आते इचारतस, कोनी करं? सांगं तर घर बसनं. मी सायेबले सांगं व्हतं वारा नही. तुम्ही उभ्या व्हत्यात. बोल्यात का?"

सगळ्यांनी ते ऐकलं. 

"नाही बोलले," कोकिळा म्हणाली. "माझंच चुकलं." आणि तिने स्वतः लावलेल्या नमुन्याच्या बरण्यांतली एक उचलली. बुडाशी धुकं. ट्रेमध्ये ठेवली. "ही माझी. चार नंबरवर लावली होती."

 मग वच्छलाबाईने अकरा बरण्या आणल्या. तिच्यामागून सुमनबाईने नऊ. मग बाकीच्या. ट्रे भरला, दुसरा आणला, तिसरा आणला. एकशे चाळीसच्या वर. निम्म्याहून जास्त झाकणांवर आकडा चार, आणि बाकीच्या त्याच कोंबांच्या पुढच्या कापणीतून इतर कॅबिनेटवर पसरलेल्या. कोकिळा चार नंबरपाशी गेली आणि डाव्या कोपऱ्यात रेशमाचा धागा धरला. तो सरळ खाली लोंबकळला. वारा नव्हताच. गाळणीच चोंदलेली.

साहेब दारात उभे. त्यांनी ट्रे पाहिले आणि चेहरा उजळला.

"हेच! हेच मी म्हणत होतो! कुलूप उघडलं आणि बघा, एका दिवसात एकशे चाळीस! चोर आहेत सगळ्या. नथ्थू, झाकणं वाचून नावांची यादी कर. कोकिळाबाई, तुम्ही सही करा. यादीतल्या सगळ्यांना घरी पाठवतो."

"या आज खराब झाल्या नाहीत, साहेब. आज दिसल्या."

"सही करा. मुलगी लहान आहे तुमची. विचार करून बोला."

विचार तिने केला. अगदी थोडा.

मग तिने टेबलावरचा स्पिरिटचा बोळा उचलला आणि पहिल्या झाकणावरचा बाईचा आकडा पुसला. कॅबिनेटचा आकडा तसाच ठेवला. दुसऱ्यावरचा पुसला. तिसऱ्यावरचा.

"अहो, काय करताय!"

"गाळणी बदलायची आहे. त्यासाठी कॅबिनेटचा आकडा पुरतो."

वच्छलाबाईने दुसरा बोळा घेतला. सुमनबाईने तिसरा. खोलीत स्पिरिटचा वास भरला. बावीस हात पुसत होते, घाईने नाही, ज्योतीवर सुरी धरतात तसे, नीट.

"नावं हवीत ना?" कोकिळा म्हणाली. तिने नथ्थूच्या हातातला कागद ओढला आणि स्वतःचं एकच नाव लिहून साहेबांच्या छातीशी धरला. "ही घ्या यादी. आणि किल्ली इकडे द्या, वाढखोलीला आता कुलूप नको. गाळणीवाला येईपर्यंत चार नंबर मात्र बंद राहील."

साहेबांनी किल्ली दिली नाही. कोकिळाने हात मागेही घेतला नाही. मागे बाया काम सोडून उभ्या होत्या, आणि त्यासाठी त्यांच्यातली एकही साहेबांकडे चिठ्ठी मागत नव्हती.