चाळीसचा डॉलर

डॉलर चाळीसलाच मिळतो, हे साहेब गेली दोन वर्षं सही-शिक्क्यानिशी सांगत आले होते. देशाच्या मुख्य बँकेत परकीय चलन वाटपाचा विभाग त्यांच्याकडे होता. बाजारात सत्तरचा भाव चालतो ही त्यांच्या मते अफवाखोरांची करणी, आणि गेल्याच आठवड्यात त्यांच्या शिफारशीवरून दलालांवर धाडी पडल्या होत्या.

त्यातच लेकीच्या डोळ्यांचं दुखणं निघालं. इंजेक्शन परदेशातून मागवायचं, पैसे डॉलरमध्ये भरायचे, आणि पंधरवड्यात दिलं नाही तर नजर जाणार. साहेब सरळ माणूस. स्वतःचा अर्ज पुढे सरकवायची त्यांना लाज वाटली. तो रीतसर रांगेत लावल्यावर त्यांच्याच हाताखालचा कारकून नम्रपणे म्हणाला, "तीन महिने लागतील, साहेब."

"चाळीसला मिळतो ना तुमचा डॉलर?" बायको रडत म्हणाली. "मग आणा की!"

शेवटी मेहुण्याने त्यांना एका चष्म्याच्या दुकानात नेलं. दुकानदार काच पुसत म्हणाला, "अठ्ठ्याहत्तर."

"परवापर्यंत सत्तर होता!" साहेबांच्या तोंडून निसटलं.

"धाडी पडल्या ना. जोखीम कोण फुकट घेतं?"

साहेब उखडले. "हा फरक मुळात तुम्हीच पाडता."

"मी कुठला एवढा मोठा? चाळीसला डॉलर सगळ्यांनाच हवाय, आणि बाहेर माल विकून तो कमावणारा चाळीसला द्यायला तयार नाही. तो तिकडेच दडवतो. मग तुमच्याकडे पुरत नाही, म्हणून तुम्ही रांग लावता. रांगेत ज्याला दम धरवत नाही, तो माझ्याकडे येतो. आता तुम्हीच आलात."

हे सगळं साहेबांना पाठ होतं. परीक्षेत याच विषयात ते पहिले आले होते. बायकोच्या बांगड्या मोडून आणलेले पैसे त्यांनी काउंटरवर ठेवले.

"डॉलर इथे येणारच नाहीत," दुकानदार म्हणाला. "माझ्या एका गिऱ्हाइकाचे तिकडच्या खात्यात पडून आहेत. तो परस्पर औषध कंपनीला भरेल."

तासाभरात मोबाइलवर पावती आली. भरणाऱ्याचं नाव साहेबांच्या ओळखीचं होतं. पंप आयात करणारी कंपनी होती ती. तिने पंपांची दुप्पट किंमत लावलेलं बिल अर्जाला जोडलं होतं आणि ते खरं मानून साहेबांनीच त्यावर चाळीसच्या भावाने डॉलर मंजूर केले होते. पंपांचे पैसे चुकते झाल्यावर वरचे डॉलर तिकडेच राहिले. साहेबांनी स्वतःच वाटलेले डॉलर जवळजवळ दुप्पट भावाने परत विकत घेतले होते.

लेकीची नजर वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून पाच इंजेक्शनं लागतील, महिन्याला एक.

सोमवारी त्याच कंपनीचा नवा अर्ज टेबलावर आला. या वेळी पंपांची किंमत तिप्पट. साहेबांनी तावातावाने पेन उचललं. अर्ज फेटाळायचा आणि चौकशीही लावायची. पण मग पुढचं इंजेक्शन कोणाच्या खात्यातून येणार?

मग त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, "मंजूर. मागणी अत्यावश्यक."