दीडशे अक्षरांत नानकटाई

माझी धाकटी जाऊ कामिनी हिला इन्स्टावर नावाखाली टाकायला चार ओळी हव्या होत्या, आणि त्या लिहायला तिने मला सांगितलं. यात चूक कोणाची, हे मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही.

मी अठरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते. मुलांना निबंध लिहायला शिकवते, तर चार ओळी म्हणजे काय मोठं, असं मला वाटलं. कामिनीही शिक्षिकाच. धुळ्याहून रोज एसटीने नरडाण्याच्या एका खाजगी शाळेत जायची. गेल्या वर्षी ओव्हन घेतला, केक शिकली आणि जूनपासून बिनपगारी रजेवर आहे. शाळेने सांगून ठेवलं होतं की दिवाळीच्या सुट्टीआधी काय ते कळवा. तोवर ऑर्डरी येऊ लागल्या तर ती घरीच बेकिंग करणार होती. नाही आल्या, तर परत सकाळची साडेसहाची एसटी. घरात कोणी काही म्हणत नव्हतं, पण तिचे थोरले दीर, म्हणजे आमचे हे, रोज जेवताना विचारायचे, "काय मग, काही आलं का?" आणि तिचा घास हातातच राहायचा.

मी पहिल्यांदा लिहिलं ते फार सुंदर होतं. मायेची ऊब होती, आठवणींचा दरवळ होता. मोबाईलने ते घेतलंच नाही. तिथे फक्त दीडशे अक्षरं चालतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"ताई, जागा कमी असते," कामिनी म्हणाली. "काय मिळतं, कुठे मिळतं, कसं मागवायचं, एवढंच पाहिजे."

"मग पाटी लाव ना दारावर," मी म्हटलं. मला राग आला होता.

शेवटी भांडून-बिंडून हे ठरलं:

*घरच्या साजूक तुपाची नानकटाई, बिनअंड्याचे केक 🧁*
*मायेने भाजलेलं, तुमच्या घरासाठी*
*📍 देवपूर, धुळे. ऑर्डरसाठी मेसेज करा*

शुक्रवारी टाकलं. शनिवारी दहाच्या सुमारास दाराशी सुंदरबाई उभ्या. त्या मागच्या गल्लीतल्या, सत्तरीच्या. हातात पिशवी, पिशवीत चार डबे. एकात रवा-मैदा, एकात बेसन, एकात पिठीसाखर आणि चौथ्यात तूप.

"नानकटाई करी देस ना वो?" त्यांनी विचारलं. "सुननी मोबाईलमा वाचं. मी सामान लई वनू."

कामिनीने माझ्याकडे पाहिलं, मी कामिनीकडे. सामान कशाला? सामान तर तिचं आहे, तीच विकणार आहे. हे समजावून सांगेपर्यंत दुसरी बाई आली, तिच्याही हातात डबे. बारा वाजेपर्यंत पाचजणी झाल्या. ओटा, फ्रिजचा माथा, माझं वह्या तपासायचं टेबल, सगळीकडे डबे. केक एकीनेही मागितला नाही. मेसेज एकही नाही.

मी मोबाईल उघडून त्या तीन ओळी पाच वेळा वाचल्या. सामान आणा, असं कुठे लिहिलंय? कुठेच नाही. मग ह्या सगळ्याजणी आल्या कशा?

मग डोक्यात उजेड पडला आणि मला स्वतःचाच राग आला. दिवाळी आली की आपल्याकडे बायका सामान घेऊन बेकरीच्या भट्टीवर जातात. नंबर लावतात, किलोमागे मजुरी देतात, पत्र्याच्या डब्यात नानकटाई घेऊन घरी येतात. लहानपणी मीच आईबरोबर अशी रांगेत उभी राहिले आहे. नानकटाई म्हटलं की सामान आपलं, हे इथे कोणाला सांगावं लागत नाही. सामान आणायचं नसेल, तरच ते सांगावं लागतं. आणि मी अक्षरं खर्च केली मायेवर.

"ताई, मी भट्टी झाले का?" कामिनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी सजावट शिकले, क्रीम शिकले. आणि लोक मला पीठ भाजायला देतायत."

"सगळ्यांना परत पाठवू," मी म्हटलं. "खाली लिहू, सामान आमचं."

"आणि मग कोणीच नाही आलं तर?"

पाठवावं तर पाच घरं दुखावतात, ठेवावं तर ही केकवाली राहत नाही. ती कणीक मळायच्या परातीसमोर नुसती बसून राहिली. मी दोन वेळा चहा केला आणि दोन्ही वेळा साखर घालायला विसरले.

शेवटी तिनेच उठून सुंदरबाईंचा डबा उघडला. "दिवाळी आहे, या पाचजणींचं तरी करून देते," म्हणाली. तूप म्हशीचं, छान रवाळ थिजलेलं. तिने ते साखरेबरोबर पांढरं होईपर्यंत फेसलं, पीठ घातलं, गोळे केले. एका ट्रेमध्ये चोवीसच बसतात. एकशे साठवर वीस मिनिटं. पहिला ट्रे निघाला, दुसरा गेला. मधे तिने परात घासली, पुसली आणि मगच दुसरीचं तूप काढलं. प्रत्येक डब्यावर पट्टी चिकटवून नाव लिहिलं. मी म्हटलं, एवढं कोण बघतंय? ती पुढच्या डब्याची पट्टी कापायला लागली.

चार वाजता सुंदरबाई आल्या. एक नानकटाई मोडली, हुंगली, तोंडात टाकली आणि डब्यात वाकून बाकीच्या पाहिल्या. मला वाटलं, बिघडली.

"भट्टीवर काय व्हस माहीत शे का तुले?" त्या म्हणाल्या. "तठे बठ्ठास्नं तूप एकच व्हई जास. मी दरसाल मन्ही म्हैसनं तूप देस आणि कोनंतरी खास. आठे मनं तूप मनीच नानकटाईमा गयं."

भट्टीवर सगळ्यांचं तूप एकत्र होतं; इथे त्यांचं तूप त्यांच्याच नानकटाईत गेलं होतं. मग जाता जाता वळून म्हणाल्या, "नातूना वाढदिवसले केक पन करशी का याच तुपना?"

केकला लोणी लागतं की तूप, पातळ करून घालायचं की थिजलेलं, कामिनी त्यांना दारात उभं राहून समजावत राहिली. तिचा चेहरा पाहून मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही. अठरा वर्षांत मला जे वाक्य सुचलं नव्हतं, ते या बाई सहज बोलून गेल्या होत्या.

संध्याकाळी कामिनीने माझ्या ओळी पुसल्या. मला न विचारता स्वतः लिहिलं:

*मी कामिनी. नानकटाई, बिनअंड्याचे केक*
*तुमचं तूप तुमच्याच नानकटाईत. सामान माझंही चालेल*
*दोन दिवस आधी सांगा. देवपूर, धुळे*
*व्हॉट्सअ‍ॅप 👇*

खाली लिंक दिली, बोट लावलं की सरळ तिचा व्हॉट्सअ‍ॅप उघडतो. मी अक्षरं मोजली. बसत होती. 'माया' कुठे नव्हती आणि मला तिची गरजही वाटली नाही.

बुधवारपर्यंत सतरा घरं झाली. त्यातल्या चौघींनी केक सांगितले. गुरुवारी शाळेला कळवायचा शेवटचा दिवस होता. मी लाल पेनने वह्या तपासत होते, तेव्हा ती कागद घेऊन माझ्याकडे आली. "ताई, राजीनामा तुम्ही लिहा. तिथे मोठी वाक्यं चालतात."

मी मन लावून लिहिलं: 'घरगुती अडचणीमुळे मला कामावर रुजू होता येत नाही.'

तिने ते वाचलं, पेन घेतलं आणि 'घरगुती अडचणीमुळे' शांतपणे खोडलं. वर लिहिलं, 'माझं स्वतःचं काम सुरू झाल्यामुळे'. मग माझ्यापुढे कागद सरकवून तिने विचारलं, "हे बरोबर आहे ना, ताई?"

मी लाल पेन बंद करून ठेवलं.