अंगठ्याखाली गेलेला शब्द

साडू ऑफिसात शिरला तोच मोठ्यानं बोलत. "बेरीजराव आहेत का आत? का अजून एखाद्या पैशाच्या मागे लागलेत?"

दोन टेबलं सोडून बसलेली मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. बेरीजरावही हसला, पण वरवर. हे नाव साडूनंच ठेवलेलं. सासुरवाडीच्या माणसांबरोबर जेवायला गेल्यावर एकदा बेरीजरावानं हॉटेलचं बिल दोनदा तपासलं, तेव्हापासून ते चिकटलं आणि आता ऑफिसातही आलं.

घरकर्ज मिळवून देणारं ते छोटंसं ऑफिस होतं. गिऱ्हाईक पगाराच्या स्लिपांचे फोटो पाठवायचं. कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम ते फोटो वाचायचा आणि त्यातली मिळकत आणि कपात उचलून तक्ता भरायचा. एका ओळीत एक महिना. मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडं, ओव्हरटाइम, मग फंड, विमा, कर, आणि शेवटी हातात पडलेली रक्कम. प्रोग्राम चुका करायचा. त्या काढायला बेरीजराव होता. तपासलेला तक्ता बँकेकडे जायचा आणि त्यावरून किती कर्ज द्यायचं ते बँक ठरवायची.

"तिसऱ्या मजल्यावरचा बघितलाय," साडू खुर्ची ओढत म्हणाला. "तीन खोल्या, वर गॅलरी. बयाणा देऊन बसलोय. महिनाअखेर कर्जाचं पत्र दाखवलं नाही तर बिल्डर दुसऱ्याला देणार, आणि बयाणाही गेला. म्हटलं घरचा माणूस असताना बाहेर कशाला फिरायचं?"

ऑफिसच्या मॅडमनी मान वर केली. "नातेवाईक का तुमचे? मग तुम्हीच घ्या फाइल. लवकर होईल."

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. कारखान्यात क्रेन चालवायचा. शिक्षण बेरीजरावापेक्षा कमी, आवाज मात्र दुप्पट. कुठल्याही घरात गेला की तिथली लहान मुलं त्याच्या अंगावर चढायची. सासूबाई त्याला न विचारता दुसऱ्यांदा वाढायच्या. आणि बेरीजरावाची बायको, तिच्या तोंडी येताजाता एकच. ताईकडे नवीन फ्रीज आला. ताईकडे सगळे फिरायला गेले. ताईचे हे किती हसवतात! या शेवटच्या वाक्याला तर बेरीजराव हातातला घास खाली ठेवायचा. फ्रीज हप्त्यानं घेता येतो. हसवायचं काय करणार?

साडू गेला आणि बेरीजरावानं फोटो उघडले. सहा महिन्यांच्या सहा स्लिपा. प्रत्येक फोटोत खालच्या कडेवरून आत आलेला साडूचा जाडजूड अंगठा. एका हातात कागद, दुसऱ्या हातात मोबाइल, असे काढलेले. अंगठ्यावर काळं ग्रीसही दिसत होतं.

खरं सांगायचं तर त्याला घाई होती ती पगार बघायची. इतकी वर्षं मनात एक आकडा धरून तो जळत आला होता. आज तो आकडा डोळ्यांनी दिसणार होता.

दिसला, आणि तो चक्रावला. साडूचा मूळ पगार त्याच्या स्वतःच्या मूळ पगारापेक्षा कमी होता. मोठा दिसत होता तो ओव्हरटाइम आणि रात्रपाळीचा भत्ता. म्हणजे हा माणूस रात्र रात्र क्रेनच्या डब्यात बसायचा, तेव्हा कुठे तो फ्रीज यायचा. बँक तर ओव्हरटाइम निम्माच धरते.

आता बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट, कमी पगारात हा गॅलरी घेतो आणि आपण जास्त असून भाड्याच्या दोन खोल्यांत, हे नवीनच दुखणं लागलं.

तो कामाला लागला. एका महिन्याची ओळ लाल होती, म्हणजे बेरीज जुळत नव्हती. त्यानं स्लिप मोठी करून पाहिली. मिळकतीचे दोन रकाने शेजारी शेजारी होते. एक दर, म्हणजे पूर्ण महिना भरला तर किती. दुसरा प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेचा. त्या महिन्यात साडूची काही दिवस बिनपगारी रजा झाली होती, म्हणून दोन्ही आकडे वेगळे. प्रोग्रामनं दराचा रकाना उचलला होता. त्यानं मिळालेले आकडे घातले. मिळकतीतून कपात वजा केली, खालच्या रकमेशी ताळा लावला. ओळ हिरवी झाली. इथपर्यंत त्याच्या कामात खोट नव्हती.

मग पिवळा रकाना आला. पिवळा म्हणजे प्रोग्रामला शब्द कळला नाही. कपातीच्या यादीत शेवटी 'सोसायटी' एवढंच वाचता येत होतं. पुढचा शब्द अंगठ्याखाली. सहाही फोटोंत. रक्कम बऱ्यापैकी मोठी, दर महिन्याला तीच.

कारखान्यातल्या कामगारांची पतसंस्था होती, तिलाच सगळे सोसायटी म्हणायचे. तिथे लोक दरमहा ठेवही ठेवतात आणि कर्जही काढतात. दोन्हीचे पैसे पगारातूनच कापले जातात. पण तक्त्यात फरक मोठा. ठेव असेल तर ती बचत, बँकेला तिचं काही नाही. कर्जाचा हप्ता असेल तर बँक तेवढी रक्कम ऐपतीतून सरळ कमी करते.

अशा वेळी गिऱ्हाइकाला विचारायचं, नाहीतर नवा फोटो मागवायचा, हा नियम. इथे विचारायचीही गरज नव्हती. दर महिन्याला सोसायटीत पैसे टाकतो, हात लावत नाही, हे साडूनं बेरीजरावाच्याच घरी, त्याच्याच पाटावर बसून सांगितलं होतं. आणि बायकोनं तेव्हा बेरीजरावाकडे एक नजर टाकली होती.

ती नजर त्याला आठवली. त्यानं सहाही आकडे 'कर्जाचा हप्ता' या रकान्यात टाकले.

पिवळा रंग गेला. ताळा लावला, बरोबर. कपात ती कपातच. या रकान्यात घातली काय नि त्या रकान्यात घातली काय, बेरजेला त्याचं सोयरसुतक नसतं. त्यानं तक्ता पाठवून दिला, पाणी प्यायला उठला, आणि माठापाशी उगीचच थोडा वेळ उभा राहिला.

दोन दिवसांनी बँकेचं उत्तर आलं. मागितलं त्यापेक्षा बरंच कमी कर्ज. तेवढ्यात तिसरा मजला बसत नव्हता.

संध्याकाळी तो घरी पोचेपर्यंत बातमी त्याच्या आधी पोचली होती. बायको कणीक मळत होती आणि गुणगुणत होती.

"कळलं का? ताईचं घर बारगळलं."

"हं."

"बरं झालं! गॅलरीत झोपाळा लावणार, असं मला चारदा सांगितलं तिनं. चारदा! जसं काही मला झोपाळा म्हणजे काय ते माहीतच नाही."

ती हसली. त्याच्या आवडीची भाजी होती. ताटात दुसऱ्यांदा वाढलं गेलं, न विचारता. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याजवळ बसून जेवली. इतकी वर्षं हवं होतं ते हेच, असं त्याला वाटलं. तरी तो भाजी नुसती चिवडत होता.

"पण एक कळत नाही हो," ती बोटं चाटत म्हणाली. "बँकेनं म्हणे सोसायटीचा हप्ता कापून धरला. हप्ता कसला? त्यांची तर बचत आहे. आपल्या इथेच बसून सांगत होते ना ते?"

त्यानं पोळीचा तुकडा मोडला.

"अहो."

"फोटोत शब्द दिसत नव्हता. अंगठा आला होता मध्ये."

"तुम्हाला दिसायला कशाला हवा? तुम्हाला माहीत होतं की!"

त्यानं पाण्याचा तांब्या जवळ ओढला. तिचा हात ताटातच थांबला. चेहऱ्यावरचं हसू जायला थोडा वेळ लागला, पण गेलं ते पुरतं गेलं.

"तुम्ही केलंत?"

"तूच तर रोज ऐकवतेस. ताईकडे हे, ताईकडे ते. आत्ता बरं झालं म्हणालीस ना?"

"म्हणाले. मी म्हणणारच. माझी बहीण आहे ती!" तिचा आवाज चढला. "लहानपणी एका फ्रॉकवरून तिला चावले होते मी. मी तिच्यावर जळेन, भांडेन, आणि उद्या तिच्या घराला दाराचं तोरणही मीच करीन. तो आमचा व्यवहार आहे. तुम्ही मध्ये हात घालणारे कोण?"

"आणि ते किती हसवतात म्हणतेस, ते?"

हे आपण बोलून बसलो हे त्याला नंतर कळलं.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "ते होय! अहो, तो माणूस घरी आला की ताई दार लावून घेते, दिवसा झोपलेला असतो म्हणून. चार लोकांत बोलून घेतो, बास. तुम्ही त्यावर जळत होतात? मला विचारायचं तरी."

तिनं ताटं उचलली. बेसिनपाशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "उद्या सरळ करा ते. कसंही करा."

दुसऱ्या दिवशी त्यानं मॅडमना सांगितलं, तक्ता पुन्हा पाठवायचाय. दुरुस्तीचं कारण लिहावं लागतं. यादीत पहिलंच होतं, 'फोटो अस्पष्ट'. ते निवडलं असतं तर दोष अंगठ्यावर गेला असता. त्यानं खालचं निवडलं, 'तपासणाऱ्याची चूक'.

"तुमची?" मॅडमनी चष्मा काढला. "इतक्या वर्षांत पहिली. बँक आता तुमचा प्रत्येक तक्ता पुन्हा बघायला मागेल, माहिती आहे ना?"

"माहिती आहे."

बँकेला नुसता शब्द चालणार नव्हता. ठेवच आहे, कर्ज नाही, असं सोसायटीचं पत्र हवं होतं. ते साडूकडूनच मागायचं. त्यानं बाहेर जिन्यात जाऊन फोन लावला.

"बोला बेरीजराव! काय, काही मार्ग दिसतोय का?" मागे कारखान्याची घरघर होती.

"सोसायटीचं पत्र लागेल. कापतात ती ठेव आहे, असं. माझ्याकडून ते हप्त्यात गेलं."

"तुमच्याकडून? अहो, पण मी तुम्हाला सांगितलं होतं की..."

घरघर तेवढी ऐकू येत राहिली. मग तीही कमी झाली. साडू चालत कुठेतरी बाजूला गेला असावा. बेरीजरावानं जिन्याचा कठडा धरला. आता शिव्या येतील, याची तो वाट बघत होता. आल्या असत्या तर बरं झालं असतं. आपल्यालाही उलट काहीतरी बोलता आलं असतं.

"दुपारपर्यंत आणून देतो पत्र," साडू शेवटी म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता. हळू, थकलेला, रात्रपाळी करून आलेल्या माणसाचा. "वेळेत होईल ना?"

"होईल. मी स्वतः बँकेत जाऊन बसतो."

"मग झालं. घरी हिला मी काही बोलणार नाही. तुम्हीही बोलू नका. तुमच्या हाती फाइल आहे म्हणून ती निवांत होती. तसंच राहू दे."

फोन बंद झाला.

पत्र दुपारी आलं. त्यानं सहाही आकडे हप्त्यातून काढून बचतीत घातले, ओळी पुन्हा हिरव्या झाल्या, तक्ता गेला. पत्र हातात घेऊन तो बँकेच्या रस्त्याला लागला. घर मिळेल, गॅलरीही मिळेल, झोपाळा लागेल. त्याचं आता त्याला फारसं काही वाटत नव्हतं. खुपत होतं ते दुसरंच. साडूच्या जागी आपण असतो तर फोनवर काय काय बोललो असतो, ते तो चालता चालता मनात बोलून बघत होता. ते संपेचना. आणि तो माणूस चार वाक्यांत मोकळा झाला होता. हेही त्यालाच जमावं, असं म्हणत बेरीजरावानं पावलं उचलली, कारण बँक बंद व्हायच्या आत पोचायला हवं होतं.